प्रकल्प नोंदी : टीव्हीचा मेलेला सॉकेट, ऐरोली

शनिवार, 11 ऑक्टोबर 2025

दादांनी आज पिशवी भरून दिली. दिवाळीच्या तोंडावर फोन थांबत नाहीयेत आणि दादा घणसोलीत एका सोसायटीच्या पॅनलच्या कामात अडकलेत, तिथून दिवसभर हलता येत नाही, म्हणून म्हणाले मंगळवारपासून ऐरोलीतले छोटे कॉल तू एकटा बघ. छोटे म्हणजे स्विच बदलणं, सॉकेट, पंख्याचा रेग्युलेटर असं. माझा आयटीआयचा वायरमन ट्रेड झालाय पण परमिट अजून हातात नाही, त्यामुळे घरातल्या डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीच्या, मागे मीटरकडे हात लावायचा नाही, ही पहिली अट. दुसरी अट, अडलं तर फोन करायचा, अंदाजाने काही जोडायचं नाही.

पिशवीत टेस्टर, मल्टिमीटर, पक्कड, स्ट्रिपर, दोन पेचकस, टेप, 1.5 ची लाल काळी हिरवी वायर थोडी थोडी, पितळी कनेक्टर आणि होल्डरला दोन वायरी लावलेला 60 चा बल्ब. बल्ब म्हणजे टेस्ट लॅम्प. तो देताना दादांनी बजावलं की नवीन डीबी असेल तिथे हा फेज आणि अर्थिंगमध्ये लावायचा नाही, सगळ्या घराची लाईट जाईल. का ते सांगितलं नाही, म्हणाले ते तूच लिही नंतर. या नोंदी त्यांच्याच सांगण्यावरून, कारण त्यांचं म्हणणं की तोच फॉल्ट दोन महिन्यांनी दुसऱ्या घरात भेटतो आणि तोपर्यंत आपण विसरलेलो असतो.

मंगळवार, 14 ऑक्टोबर

सकाळी दहाच्या सुमारास फोन. ऐरोलीतली जुनी सोसायटी, चार मजली, लिफ्ट नाही, तिसरा मजला. काकू म्हणाल्या हॉलमधला टीव्हीचा सॉकेट मेलाय, बाकी सगळं चालू आहे, दहा मिनिटांचं काम आहे, नवीन सॉकेट घेऊनच ये. सॉकेट घेतला पिशवीत, पण घेताना पण वाटत होतं की फोनवर सांगितलेला फॉल्ट आणि खरा फॉल्ट कधी जुळत नाही, दादांबरोबर फिरून एवढं तर कळलंय.

वर गेलो तर आजोबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत, बंद टीव्हीकडे बघत बसलेले. त्यांनी आल्या आल्या निकाल दिला, "लाईट आहे, मी टेस्टर लावून बघितलाय, टीव्हीच बिघडलाय." काकू म्हणाल्या टीव्हीवाला परवा येऊन गेला, व्हिजिटचे पैसे घेऊन गेला, टीव्ही चांगला आहे म्हणाला, आता तुम्ही म्हणाल सॉकेट चांगला आहे, मग बिघडलंय काय ते तरी सांगा कुणीतरी. मुद्दा बरोबर होता, गंमत म्हणजे आजोबाही बरोबर होते आणि टीव्हीवालाही.

दादांची सवय अशी की बोर्ड उघडायच्या आधी घरच्यांना एकच विचारायचं, अजून काय काय बंद आहे. मी विचारलं. काकू म्हणाल्या काही नाही, फक्त हा सॉकेट. बोर्डावर दोन सॉकेट होते म्हणून विचारलं दुसरा? तर म्हणे त्यात सेट टॉप बॉक्सचं अ‍ॅडॅप्टर आहे, तोही लागत नाही पण टीव्हीच नाही तर त्याचं काय करायचंय. म्हणजे एकाचे दोन झाले. मग बाल्कनीकडे बघितलं तर होल्डरला आकाशकंदील टांगलेला, आत बल्ब, लागत नव्हता. काकू म्हणाल्या तो बल्ब उडालाय, हा नवीन आणलेला पण उडालेलाच निघाला, दुकानदार बदलून देणारे. मी तो बल्ब काढून दारापाशी पॅसेजच्या होल्डरला लावला, लख्ख पेटला. दुकानदार बिचारा वाचला.

तर दोन सॉकेट आणि बाल्कनीची लाईट, तिन्ही एकाच वेळी गेलेलं. सॉकेट खराब असता तर एकच गेला असता. तिघांच्या मागे जे कॉमन आहे तिथे फॉल्ट, आणि तिघांच्या मागे कॉमन एकच गोष्ट, दाराजवळच्या मोठ्या बोर्डावरून टीव्हीच्या बोर्डाकडे आलेली लूप. मोठ्या बोर्डावरचा पंखा, ट्यूब, मोबाईलचा चार्जर सगळं व्यवस्थित चालू होतं. पिशवीतला नवीन सॉकेट आज लागणार नाही हे तिथेच कळलं.

आता टेस्टर. टीव्हीच्या सॉकेटचा उजवा होल, टेस्टर लागला. अर्थ वर धरून समोरून बघितलं की फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे असायला हवा, तो बरोबर होता. मग डावा होल लावला, तर तिथेही लागला. आजोबा म्हणाले "बघ, डबल लाईट आहे." हे मी पुस्तकात वाचलेलं पण घरात पहिल्यांदा बघत होतो. मी सेट टॉप बॉक्सचं अ‍ॅडॅप्टर काढलं आणि परत डाव्या होलमध्ये टेस्टर लावला, विझला. अ‍ॅडॅप्टर घातलं, परत लागला.

आजोबांना समजावलं ते असं. लाईट फेजमधून येते, वस्तूतून जाते आणि न्यूट्रलने परत जाते. परतीची वायर कुठेतरी तुटली असेल तर वस्तू चालणार नाही, पण अ‍ॅडॅप्टर प्लगमध्ये असल्यामुळे फेज त्याच्या आतून पलीकडे न्यूट्रलच्या वायरवर येऊन थांबते, पुढे जायला वाटच नाही. म्हणून ती काळी वायरपण टेस्टरवर फेज दाखवते. टेस्टरला एवढंच कळतं की या टोकाला प्रेशर आहे, परतीचा रस्ता आहे की नाही हे त्याला कळत नाही. आजोबा थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले "म्हणजे माझा टेस्टर खोटं नाही बोलला." नाही बोलला.

खात्रीसाठी मीटर लावला. दाराजवळच्या चांगल्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल 234. टीव्हीच्या बोर्डावर फेज-अर्थ 233, म्हणजे फेज नीट येतोय आणि अर्थिंगही आहे. फेज-न्यूट्रल 3 व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ 229, जे चांगल्या घरात एक-दोन व्होल्टच्या आसपास असायला पाहिजे. अ‍ॅडॅप्टर काढल्यावर फेज-न्यूट्रलचा आकडा 50-60 च्या मध्ये नाचत बसला, तो खरा व्होल्टेज नाही, लटकत्या वायरीवर शेजारच्या वायरीतून येणारी झाक असते, मीटर संवेदनशील असल्यामुळे दाखवतो. 60 चा बल्ब फेज-न्यूट्रलमध्ये लावला, ढिम्म. तेव्हा पक्कं झालं, न्यूट्रल ओपन.

यातली खरी भीतीची गोष्ट मी काकूंना लगेच सांगितली. हा सॉकेट मेलेला दिसतो पण त्यातली काळी वायरपण आत्ता शॉक देऊ शकते, तेव्हा पेचकस घेऊन कुणी उघडायला जाऊ नका. काकूंनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी टेबलावरचा पेचकस गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकला.

इथपर्यंत सरळ होतं. मग शेजारचे काका आले, दार उघडंच होतं. त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणाले, अरे एवढं काय, अर्थिंगची वायर तिथे आहे ना, न्यूट्रलच्या जागी ती मारून दे, दोन मिनिटांत टीव्ही चालू, आमच्या गावाला सगळीकडे असंच आहे. आणि खरंच चालू होतो, हाच तर प्रॉब्लेम. अर्थिंगमधूनही करंट परत जातो, टीव्ही चालतो, मिस्त्री पैसे घेऊन जातो. पण मग त्या घरातल्या फ्रिजचा, मशीनचा, गीझरचा पत्रा ज्या हिरव्या वायरीला जोडलाय त्याच वायरीतून टीव्हीचा करंट वाहतो, आणि कधी खाली कुठे अर्थिंग सुटलं तर सगळ्या पत्र्यांवर फेज येते. मी काकांना डीबीजवळ नेलं. या घराची डीबी मध्ये रिनोव्हेशनला बदललेली, मेन म्हणून आरसीसीबी, 30 मिलिअँपची. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत जुळवून बघते, 30 मिलिअँपपेक्षा जास्त फरक पडला की पडते. कंदिलातला 9 वॅटचा बल्ब, 9 भागिले 230, म्हणजे 39 मिलिअँप कमीत कमी. तो अर्थिंगवर चालवला तरी अख्ख्या घराची लाईट जाईल. (दादांनी 60 च्या बल्बबद्दल बजावलं त्याचं उत्तर पण हेच, 60 वॅटला 260 मिलिअँप.) काका म्हणाले मग आरसीसीबी काढून टाकतात लोक. हो काका, काढतात.

त्यानंतर मेन बंद. नुसती हॉलची एमसीबी पाडून चाललं नसतं, कारण ती एका पोलची आहे, फक्त फेज तोडते, आणि माझं सगळं काम न्यूट्रलमध्ये होतं. जुन्या घरात कुणी कुठल्या सर्किटचा न्यूट्रल कुठे जोडलाय याचा भरवसा नसतो, हॉलची एमसीबी बंद असताना बेडरूमचा करंट हॉलच्या काळ्या जॉइंटमधून परत जात असला आणि आपण तो जॉइंट हातात धरून सोडवला तर दोन हातांच्या मध्ये आपण. आरसीसीबी दोन्ही पोल तोडते म्हणून ती बंद केली, काकूंना सांगून, फ्रिज उघडू नका म्हणून. मग टेस्टर चालतोय की नाही हे आधी जिन्यातल्या कॉमन सॉकेटवर बघितलं, मग बोर्डावर, मग परत जिन्यात. उगाच वाटतं, पण टेस्टर मेला असेल तर तो सगळीकडे लाईट नाही असंच सांगणार.

आधी टीव्हीचा बोर्ड उघडला. जुना लाकडी बॉक्स, वर सनमायकाची पट्टी, पियानो स्विच. आत तीन काळ्या वायरी, आलेली, दुसऱ्या सॉकेटला गेलेली, बाल्कनीला गेलेली, सगळे स्क्रू घट्ट, तांबं पिवळं स्वच्छ. इथे काही नाही. बॉक्सच्या कोपऱ्यात काळी वायर गुंडाळून थोडी जास्तीची ठेवलेली दिसली, ज्या कुणी वायरिंग केलं त्याला दोन शब्द चांगले बोलावेसे वाटले, ते पुढच्या बोर्डापर्यंत टिकले.

दाराजवळचा बोर्ड उघडला आणि पट्टी बाहेर ओढली तसा वास आला. काकू लांबूनच म्हणाल्या, "हाच! हाच वास येत होता दोन-तीन दिवस, मला वाटलं शेजारी सुकट भाजतायत." शेजारचे काका अजून तिथेच. "आमच्याकडे मासे? आम्ही अंडंपण खात नाही." मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तापलेलं बेकलाईट, सनमायका यांना तसा मासळीसारखा वास मारतो, घरात मासळी नसताना तो वास आला तर बोर्ड बघायचा, हे दादांकडून ऐकलेलं, आज नाकाने कळलं.

मागे सगळ्या न्यूट्रलचा एक जुडगा, हाताने पिळा मारून वर टेप गुंडाळलेला, कनेक्टर नाही, सोल्डर नाही. टेप एका बाजूने तपकिरी, कडक, बोटाने मोडला तसा पापडासारखा तुटला. आत चार वायरी एकमेकींना नीट पिळलेल्या आणि पाचवी, टीव्हीच्या बोर्डाकडे जाणारी, वरून नुसती दोन वेढे दिलेली, तिचं टोक काळं पडून गळून गेलेलं. जुडग्यामागच्या लाकडावर रुपयाएवढा जळका डाग.

काकूंना विचारलं टीव्हीच्या बोर्डावर टीव्हीशिवाय काय लावलं होतं. आधी काही नाही म्हणाल्या. मग आठवलं, फराळ. किचनमध्ये गॅसवर जाऊबाई शेव काढत होत्या आणि चकल्या हॉलमध्ये खाली बसून इंडक्शनवर तळल्या, दोन दिवस, चार-पाच तास तरी रोज. इंडक्शनचा प्लग मोठ्या पिनचा, तो छोट्या सॉकेटात जात नाही म्हणून दुकानातून कन्व्हर्टर आणलेला. चकल्या छान झाल्या होत्या, दोन खाल्ल्या, हे नोंदीत असू दे.

दुरुस्ती स्वतः फार वेळाची नव्हती. जळालेलं टोक आणि कडक झालेलं इन्सुलेशन मागे मऊ लागेपर्यंत कापलं, चार बोटं गेली, आणि उरलेली वायर जुडग्यापर्यंत पोचेना. इथे दादांना फोन लावला, म्हणलं तुकडा जोडू का. "त्या टोकाला जास्तीची वायर आहे का बघितलंस?" बघितलेली होती. मग आजोबांना टीव्हीच्या बोर्डापाशी उभं केलं, मेन बंद आहे हे त्यांना स्वतः टेस्टरने बघू दिलं, आणि त्यांनी तिकडून काळी वायर हळूहळू पाईपात सरकवली, मी इकडून ओढली. जोरात नाही, पाईपात लाल आणि हिरवी पण आहे, घासून सोलली तर नवीन फॉल्ट. हवी तेवढी आली. जुना जुडगा पूर्ण सोडवला, पाचही वायरी कापून ताज्या सोलल्या आणि कनेक्टरमध्ये घेतल्या, प्रत्येक वायर स्क्रूखाली घालून एकेक ओढून बघितली. लाकडावरचा डाग खरवडला, आतपर्यंत कोळसा नव्हता, तरी बॉक्स बदलायला पाहिजे असं काकूंना सांगून ठेवलं.

मेन चालू केलं. कंदील आधी लागला, मग टीव्ही, आजोबांनी बातम्या लावल्या आणि आवाज वाढवला. पण टीव्ही लागला म्हणजे जॉइंट चांगला झाला असं होत नाही, टीव्हीला अर्धा अँपसुद्धा लागत नाही. म्हणून काकूंची 1000 वॅटची इस्त्री मागितली, टीव्हीच्या बोर्डावर लावली, साधारण 4.3 अँप, आणि पंधरा मिनिटं चालू ठेवली. इस्त्री चालू असताना दाराजवळच्या सॉकेटवर 231, टीव्हीच्या बोर्डावर 230. एक व्होल्टचा फरक. दोन बोर्डांत पाईपाने सहा मीटर, जाऊन येऊन बारा मीटर 1.5 ची तांब्याची वायर, तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला 12 ओहमच्या आसपास धरला तर 0.15 ओहम, गुणिले 4.3, साडेसहा दशांश व्होल्ट. मीटर आकडा पूर्ण दाखवतो त्यामुळे एक दिसणं बरोबर. जॉइंट सुटा असता तर इथे तीन-चार-पाच व्होल्ट दिसले असते.

व्हिजिट आणि कनेक्टरचे पैसे घेतले. नवीन सॉकेट पिशवीत परत.

मंगळवार रात्री

काकूंचा एक प्रश्न मी तिथे नीट सांगू शकलो नाही कारण खाली उतरायची घाई होती, म्हणून इथे लिहून ठेवतो, परत गेलो की सांगायचा. त्यांनी विचारलं, एवढे नवीन एमसीबी, आरसीसीबी लावले, पैसे घातले, मग आतमध्ये लाकूड जळेपर्यंत एकही का पडला नाही?

इंडक्शन 2000 वॅट, म्हणजे 8.7 अँप. हॉलची एमसीबी 16 ची. तिला 8.7 म्हणजे काहीच नाही, ती पडायचं कारणच नाही. छोटा सॉकेट मात्र 6 अँपचा, कन्व्हर्टर लावल्याने तो 16 चा होत नाही, पण ते एमसीबीला कळत नाही. आरसीसीबी बघते ती जाणारा आणि येणारा करंट सारखा आहे का, आणि सुट्या जॉइंटमध्ये तो सारखाच असतो, सगळा करंट त्याच जॉइंटमधून परत जातो, नुसता अडखळत. बाहेर कुठे गळत नाही म्हणून तीही गप्प.

आणि अडखळणं म्हणजे उष्णता. समजा त्या दोन वेढ्यांचा रेझिस्टन्स अर्धा ओहम झाला. 8.7 चा वर्ग 76, गुणिले अर्धा, म्हणजे 38 वॅट. माझी सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची आहे आणि तिने शिसं वितळतं. त्याच्यापेक्षा जास्त उष्णता टेपच्या आत, लाकडी बॉक्समध्ये, रोज चार तास. तापलं की तांबं काळं पडतं, काळं पडलं की रेझिस्टन्स वाढतो, वाढला की अजून तापतं. शेवटी टोक गळून गेलं, ते एका अर्थी बरंच झालं, आग लागण्याच्या आधी लाईट गेली. टीव्ही लावल्यावर हाच जॉइंट कितीतरी वर्षं चालला कारण त्याच्यावर कधी लोडच आला नव्हता.

दादांना फोनवर हे वाचून दाखवलं. त्यांचं एकच वाक्य, त्या मजल्यावर चारही फ्लॅटचं वायरिंग एकाच माणसाने केलं असणार.

गुरुवार, 16 ऑक्टोबर

शेजारच्या काकांचा फोन, सकाळी सातला. रात्रभर झोप नाही लागली म्हणाले, आमच्याकडेही टीव्हीच्या बोर्डावर इस्त्री करतात, एकदा बघून जा. अर्थिंगचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

त्यांच्याकडे काहीच बंद नव्हतं, वास नाही, काही नाही. तरी आधी इस्त्रीचीच टेस्ट केली, बोर्ड न उघडता. टीव्हीच्या बोर्डावर एका सॉकेटात इस्त्री, दुसऱ्यात मीटर. इस्त्री बंद असताना दोन्ही बोर्डांवर 233. चालू केल्यावर दाराजवळ 230, टीव्हीच्या बोर्डावर 225. पाच व्होल्टचा फरक, त्यातला एक वायरीचा, बाकी चार कुठेतरी जॉइंटमध्ये. चार गुणिले 4.3 म्हणजे 17 वॅट तिथे खर्च होतायत. काकांना म्हणलं सापडलं, ते म्हणाले पण सगळं तर चालू आहे. चालू असतानाच सापडलं तर बरं ना काका.

ड्रॉप फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये हेही बघता येतं, इस्त्री चालू ठेवून टीव्हीच्या बोर्डावर न्यूट्रल-अर्थ मोजायचं. अर्थिंगमधून करंट वाहत नाही, त्यामुळे तिचं टोक दाराजवळच्या बोर्डासारखंच असतं. दाराजवळ न्यूट्रल-अर्थ 1, टीव्हीच्या बोर्डावर 5. म्हणजे जॉइंटचा चार व्होल्टचा ड्रॉप न्यूट्रलच्याच बाजूला. मेन बंद करून दाराजवळची पट्टी उघडली, तोच जुडगा, तेच दोन वेढे, टेप अजून काळा पण आतून चिकट झालेला. लाकडावर डाग नाही. कनेक्टर लावला, परत इस्त्री, फरक एक व्होल्ट.

शुक्रवार, 17 ऑक्टोबर

दादा घणसोलीहून येताना दोन्ही घरं बघून गेले. कनेक्टर ओढून बघितले, एकही हलला नाही, काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक. काकूंच्या बोर्डाबद्दल म्हणाले लाकडी बॉक्स राहू द्यायचा नाही, दिवाळी झाली की मेटल बॉक्स आणि मोड्युलर प्लेट. आणि इंडक्शनला किचनमध्ये स्वतंत्र पॉइंट, डीबीतून 2.5 ची तीन वायर, वेगळी 16 ची एमसीबी, 16 अँपचा सॉकेट. मी माप घेतलं, वरून पट्टीने नेलं तर साडेनऊ मीटर, किचनच्या दाराला वळसा घालून. काकूंना कन्व्हर्टर मागितला तर म्हणाल्या तो कशाला, नवीन आहे, तीस रुपयांचा. दादांनी तो खिशात टाकला आणि बिलातून तीस रुपये कमी करायला सांगितले.

तिसऱ्या मजल्यावरचे उरलेले दोन फ्लॅट : एकाला कुलूप आहे, भाडेकरू गावाला गेलेत. दुसऱ्याची वेळ 27 तारखेला सकाळी 11 ची. सोबत नेणे : इस्त्री (त्यांच्याकडे नाही म्हणाल्या), कनेक्टर पाच, काळी टेप, मीटरची नवीन बॅटरी.